माडीवरचा कडबा

सोनईजवळच्या वस्तीवर गोजरबाईला लोक भांडखोर म्हणत. ते खोटं नव्हतं. पण तिचं भांडण एकाच माणसाशी होतं, धाकटा दीर भागवत याच्याशी.

सासऱ्यांच्या लाकडी माडीचे दोन वाटे झाले होते. भिंत मधोमध आली, तरी वरची तुळई अजून एकच होती. भागवतनं आपल्या अर्ध्या माडीत ज्वारीचा कडबा छतापर्यंत रचला होता. बाहेरच्या भिंतीला टेकून उसाच्या पाचटाचं छप्पर घालून खाली गाया बांधल्या होत्या. कडबाकुट्टीच्या मोटारीची वायर त्याच पाचटावरून ओढली होती. मधल्या जोडाला नुसतं प्लास्टिक गुंडाळलेलं.

"भाऊजी, त्यो जोड गरम होतुया. वायर बदला, कडबा तरी खाली आना."

"माझ्या वाट्यात डोळं घालू नका, वहिनी."

फ्यूज सारखा उडायला लागला, तेव्हा भागवतनं त्यात तांब्याची जाड तार घातली. त्यानंतर फ्यूज कधी उडाला नाही.

मार्च महिना, भर दुपार, गरम वारा सुटलेला. कुट्टी चालू होती. जोडातून ठिणगी पडली अन् पाचट धडाडून पेटलं. भागवत बादली घेऊन धावला. गोजरबाईनं आडवं होऊन त्याचा हात धरला. "लाईट बंद केल्याबगर पानी टाकू नका, मराल!" तिनं मेन स्विच खाली ओढला. मग विळ्यानं दावी कापून गाया बाहेर हाकलल्या अन् लांब दांड्याच्या दाताळ्यानं छपराचा न पेटलेला भाग खाली ओढायला लागली. तोवर वाऱ्यानं उडालेलं जळतं पाचट माडीच्या खिडकीतून आत गेलं होतं. कडबा पेटला, तुळई पेटली, आणि आग भिंतीवरून तिच्या वाट्यात उतरली. साखर कारखान्याचा आगीचा बंब आला तेव्हा वाचवण्यासारखं थोडंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी राखेत उभा राहून भागवत लोकांना सांगत होता, "हिनंच लावली. हिचा डोळा हुता माडीवर."

गोजरबाईनं वायरमनला भागवतच्या भिंतीपाशी नेलं. त्यानं काळी पडलेली फ्यूजपेटी उघडली. वायर पार वितळली होती, पण तांब्याची तार तशीच्या तशी होती.

"ही कुनी घातली?" वायरमननं विचारलं.

लोक भागवतकडं बघायला लागले. त्यानं मान फिरवली, चूक मात्र कबूल केली नाही.

गोजरबाईनं आपल्या वाट्यावर पत्रे टाकले, वायरिंग पाईपातून करून घेतली आणि कडबा शेताच्या पार कोपऱ्यात रचला. पुढच्या सुगीला भागवत पुन्हा मधल्या भिंतीला टेकूनच कडब्याची गंज रचायला लागला. तिनं एकेक पेंढी उचलून अंगणापार फेकली.

"हात लावू नका!" तो ओरडला.

"लावनार. मी हितंच झोपते," ती म्हणाली आणि फेकत राहिली.

तो अंगावर धावून आला नाही. दोघं आजही बोलत नाहीत. पण गंज मात्र आता रस्त्यापलीकडं लागते.