बुडाला चुंबक चिकटणारं पातेलं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं केलं ते एवढंच: नव्या तव्यांची खोकी फोडली. कंधारात आमचं भांड्याचं दुकान. खोक्यावरचं मी वाचून दाखवलं, "ग्रॅनाइट तवा, आरोग्याला उत्तम."

ही म्हणाली, "दगुड हाय का त्यो? अ‍ॅल्युमिनियमवर नॉन-स्टिकचा थर, वरून ठिपके. तसंच लिवा."

मी तव्यांवर तशा चिठ्ठ्या लावल्या. रात्री हिच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडला नेईपर्यंत गेली.

मी घरी बसून होतो तवर दुकान पोरानं बघितलं. चिठ्ठ्या काढल्या, मोबाइलवर फोटो टाकले, खाली लिहिलं, 'प्रीमियम तवा. सगळ्या शेगड्यांवर चालतो.' शेगड्यांचं तर खोक्यावरबी नव्हतं.

मी परत गल्ल्यावर बसलो आणि एक शेतकरी तोच तवा घेऊन आला.

"मालक, लेक लातुरात शिकवणीला हाय. घरमालकीण खोलीत गॅस ठिवू देत न्हाई. इंडक्शन शेगडीवर ह्यो ठिवला की टूं टूं करून बंद पडती. लेक निस्ती बिस्किटावर हाय."

"स्टीलचं पातेलं न्हाई दाखवलं कुणी?"

"दाखवलं की. पर म्या चुंबक लावून बघितलं, बुडाला चिकटलं. म्हणलं, लोखंडाची भेसळ, नगं."

माझं डोकं फिरलं. "अवो, इंडक्शनला चुंबक धरणारंच बूड लागतंय. म्हणून तसलं पोलाद खाली बसवलंय, आतून ३०४ नंबरचं चांगलं स्टील हाय. निस्त्या ३०४ ला सहसा चुंबक धरत न्हाई, अन् हलक्या २०२ ला बी न्हाई. चुंबकानं दर्जा कळत न्हाई. नंबर बिलावर लिहून घेत जावा."

"मंग तुमच्या पोरानं सांगावं की."

पोरगा म्हणाला, "आबा, समदेच प्रीमियम लिवतात."

"प्रीमियम म्हंजी कोणच्या शेगडीवर चालतंय रं?"

मला हिचाही राग आला. गिऱ्हाइकाला दोन शब्दांत पटवायचं ते हिला यायचं, मला नुसतं ओरडता येतं. आणि ते ऐकायला ही न्हाई.

तवा परत ठेवून घेतला, बदल्यात पातेलं मीच पोचवतो म्हणून लेकीच्या खोलीचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं दुकानातल्या इंडक्शनवर ठेवून पाणी उकळून बघितलं आणि लातूरची एसटी धरली. पोरीनं दार उघडलं, तिच्या बापानं फोन केलेला होता. तिच्या शेगडीवर पातेलं ठेवलं. शेगडी गप राहिली, पाण्याला बुडबुडे आले.

"आबा, ह्यात डाळ लागत न्हाई ना खाली?"

"लागती. हे नॉन-स्टिक न्हाई, स्टील हाय. आच बारीक ठिव अन् हलवत ऱ्हा."

तिनं डाळीचा डबा काढला. डाळ शिजेस्तोवर मी पायरीवर बसलो.