साऱ्या कूलरांचा एकच भाव

त्या कूलरवाल्याचा विषय निघाला की माझ्या तोंडाची चव जाते. लोक म्हणतात, जाऊ द्या ना ताई, धंद्यात असं होतंच. होत असेल. म्हणून ते गिळावं, असं कुठं लिहिलंय?

सक्करदऱ्यात माझं ग्राफिक्सचं दुकान आहे. एक खोली, दोन संगणक, बाहेर मी स्वतः डिझाइन केलेली पाटी. कुणाच्या वशिल्यानं ते उभं राहिलेलं नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे टायपिंग करत हे काम शिकले आणि भाव कसा करायचा ते त्याच्या गिऱ्हाइकांकडून शिकले.

कूलरवाला पत्र्याचे कूलर बनवून विकायचा. उन्हाळ्यात पत्रा आणि मोटर महागली की त्याचे भाव बदलायचे, आणि प्रत्येक मॉडेलचं चित्र नव्या भावासह व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर जायचं. आधीचा डिझायनर एकेक चित्र उघडून जुना भाव पुसायचा आणि नवा लिहायचा. कधी आठाचा शेपटा मागे राहायचा, कधी एखाद्या मॉडेलचा भाव बदलायचाच राहून जायचा.

मी त्याला एकच साचा बनवून दिला. फोटो, मॉडेलचं नाव, काट मारलेला जुना भाव आणि पिवळ्या गोलातला नवा भाव, प्रत्येकाचा थर वेगळा. भाव साच्यात हातानं लिहायचेच नाहीत. ते वेगळ्या यादीत, मॉडेलच्या नावासमोर. यादी साच्याला जोडली की एकेका ओळीची एकेक फाईल तयार होते. मग त्या फोल्डरवर मी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली ॲक्शन, म्हणजे ओळीनं करायच्या पायऱ्या, चालवायची. ती प्रत्येक फाईल उघडते, आकार लहान करते, जेपीजी करून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि बंद करते. मूळ फाईलला हात लागत नाही.

एकदा हे सगळं त्यानं माझ्या खुर्चीमागे उभं राहून पाहिलं. फाईली आपोआप उघडत होत्या, मिटत होत्या.

"हे तं बटन दाबाचं काम आहे वं ताई. याचे एवढे पैसे?"

"बटन तुमच्या कूलरलेही आहे भाऊ. फुकट वाटता काय?"

त्यावर हसला. पण दुसऱ्या दिवशी ओपन फाईल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाईल, मागायला आला. आमच्या धंद्यात ओपन फाईल मागणं म्हणजे आचाऱ्याला म्हणणं, भाजी नको, कढई दे. मी चढाच भाव सांगितला. तो अर्ध्यावर आला, मी हलले नाही. उठून गेला, परत आला, शेवटी कबूल झाला. साचा, यादी, ॲक्शन, सगळं दिलं. त्याच्या साळ्याला समोर बसवून समजावलं, कारण पुढं हे काम तोच बघणार होता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून तो नुसता मान हलवत होता.

"भाव यादीतच बदलाचा. ॲक्शनमधी भाव टाकाचा नाही," मी दोनदा सांगितलं.

"येते ना मले. क्लास केला आहे मी."

ऐन मे महिन्यात आमच्याच गल्लीतल्या मिठाईवाल्याचा फोन आला. राखीच्या बॉक्सचं आणि पोस्टांचं त्याचं मोठं काम दर वर्षी माझ्याकडे असायचं. माझ्या दुकानाचं वर्षाचं गणित त्यावर चालायचं.

"ताई, कूलरवाल्याचे भाव तुम्ही बिघडवले म्हणते लोक?"

मी व्हॉट्सॲप उघडलं. टेबलावरच्या प्लास्टिकच्या कूलरपासून लग्नाच्या हॉलला लागणाऱ्या धूडापर्यंत, सगळ्यांच्या पिवळ्या गोलात एकच आकडा: ८,५००. त्याखाली दुसरी खेप आलेली. तीच चित्रं, तोच माझा गोल, आणि गोलात लिहिलेलं: 'डिझायनरच्या चुकीमुळे भाव चुकले.' वाक्य गोलात मावत नव्हतं, अक्षरं दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होती. माझ्याच साच्यात भरून माझी बदनामी गावभर वाटली होती. मला किळस आली.

गाडी काढली आणि थेट त्याच्या दुकानात गेले. तिथं एक मंगल कार्यालयवाला मोठे कूलर साडेआठ हजारांनीच पाहिजेत म्हणून अडून बसला होता. कूलरवाला त्याला सांगत होता, "माहा काय दोष आहे गा? कॉम्प्युटरवाल्या बाईनं घोळ केला."

"ती बाई मीच," मी म्हटलं. "दाखवा कुठं घोळ केला ते."

साळ्याच्या संगणकावर मी ॲक्शनची यादी उघडली. माझी ॲक्शन जशीच्या तशी होती. तिच्याखाली त्यानं स्वतःची एक रेकॉर्ड केली होती. भावाच्या पायरीशेजारचा छोटा बाण दाबला, तर आत स्पष्ट लिहिलेलं, ८,५००. रेकॉर्डिंग चालू असताना जे टाइप करता ते ॲक्शन अक्षरशः लक्षात ठेवते. समोर कोणता कूलर आहे हे तिला कळत नाही. त्यानं एका कूलरवर भाव टाकला आणि ती सगळ्या फोल्डरवर चालवली. वर प्रत्येक फाईल जागेवरच सेव्ह करून बंद केली, म्हणजे त्या फाईलींतले आधीचे भावही गेले.

साळा बाहेर थुंकायला गेला तो परतलाच नाही.

कूलरवाल्यानं मला बाजूला नेलं. "ताई, तुमचं बरोबर आहे. पण आता तुमचं नाव ग्रुपांवर निघूनच गेलं ना? राहू द्या. या सीझनचं सारं काम तुमच्याकडे, जुन्या रेटनं. आणखी काय पाहिजे?"

म्हणजे माझं नाव त्यानं आधी वापरलं आणि आता त्याच नावाचा भाव करत होता. माझा आवाज रस्त्यावर गेला असेल. मी म्हटलं, "काम नको. साऱ्या ग्रुपवर लिहा, चूक आमच्या दुकानाची आहे."

"तांत्रिक कारणामुळे, असं लिहितो."

"कारण तांत्रिक नाही, तुमचा साळा आहे."

"आमच्या माणसाकडून?"

"आमच्या दुकानाकडून. डिझायनरचा दोष नाही, हेही लिहा."

"दोन्ही कशाले वं? एकच लिहितो."

मंगल कार्यालयवाला मधेच ओरडला, "लिहा ना गा लवकर, मग माहं पाहा!"

शेवटी दोन्ही लिहिलं. माझ्यासमोर, प्रत्येक ग्रुपवर. तेवढं झाल्याशिवाय मी दुकानाची पायरी उतरले नाही.

पण खोटं चित्रासकट फिरलं होतं, आणि खरं म्हणजे दोन ओळींचा साधा मजकूर. तो कोण पुढं पाठवणार? मिठाईवाल्याला मी स्वतः पाठवला. त्यानं वाचून अंगठा पाठवला. राखीचं काम काढायची वेळ आली तेव्हा त्याचा फोन आला नाही, म्हणून मीच दुकानात गेले. डबे छापून आलेले होते, कोपऱ्यात दुसऱ्याचं नाव.

"ताई, तुमची चूक नाही, मले माहीत आहे," तो पेढ्यांची बशी पुढं सरकवत म्हणाला. "पण माह्याही पोस्टांवर मिठाईचे भाव आहेत ना. भागीदार म्हणे, रिस्क काहून घ्या?"

मी पेढा घेतला नाही. चूक माझी नाही हे ज्याला माहीत होतं, त्यानंच मला चुकीची शिक्षा दिली होती, आणि वर तोंड गोड करायला सांगत होता.