कौशल्याआत्याचा हिशेब

चाकणजवळच्या वाडीत माझ्या कौशल्याआत्याच्या अठरा खोल्या आहेत. भाडेकरू सगळे कंपन्यांतले, भाडं सरसकट साडेचार हजार. वीस वर्षं ती दारोदार फिरून ते गोळा करायची. गुडघे बोलू लागले, तेव्हा मी बँकेत मागवायची व्यवस्था लावली. पाठवताना शेऱ्यात खोलीचा नंबर लिहायचा. मी खातेउतारा काढून एकेक जमा त्या नंबरापुढे मांडायची आणि मगच पावती पाठवायची. आत्याला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सगळी अक्कल आपल्याकडेच, असा माझा तोरा.

जूनमध्ये सात नंबरचं भाडं आलं नाही. तिथे बुद्धरत्न राहायचा, मेच्या अखेरीसच अकरातून सातात आलेला. त्याने पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. "फोटो कोणीही बनवतं," मी म्हणाले, "उताऱ्यात सात नंबर नाही." रविवारपर्यंत भरा, नाहीतर खोली सोडा, असं सांगून आले.

शनिवारी आत्याने विचारलं, "दिव्या, समदं मिळून किती आलं?"

"एक्याऐंशी हजार."

ती बोटांवर काहीतरी पुटपुटली. "अठरा खोल्यांचं येवढंच व्हतं की. एकानं न्हाई दिलं, तर कमी नगं का पडाया?"

मी उतारा उघडला. अकराच्या नावावर दोन जमा. दुसरी मी नव्या भाडेकरूची, रंगरावची, पुढच्या महिन्याची आगाऊ म्हणून टाकली होती, तशी पावतीही दिली होती. पाठवणाऱ्याचं नाव मी वाचलंच नव्हतं. ते होतं बुद्धरत्नचं. त्याच्या मोबाइलने जुना शेरा पुन्हा उचलला होता, आणि त्याच्या फोटोतला व्यवहार क्रमांक उताऱ्यातल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत होता.

रंगरावची चुकीची पावती मी रद्द केली, रक्कम सातला फिरवली, कारण लिहून ठेवलं आणि नवी पावती छापली. आत्याने चपला घातल्या.

सातच्या दारात गॅसची टाकी सुतळीने बांधलेली. बुद्धरत्नची बायको मिनल भांडी पोत्यात भरत होती. दुसऱ्यांदा भरायला त्यांच्याकडे पैसेच नव्हते, म्हणून ती दोघं खोली सोडून निघाली होती.

"पोरी, चूक आमची हाय," आत्या म्हणाली. पावती तिच्या हातात दिली आणि तशीच जमिनीवर बसली. दुखरे गुडघे कसेबसे दुमडून ती सुतळीची गाठ सोडू लागली. मिनल "आजी, राहू द्या" म्हणत होती, आत्या ऐकेना. या बाईपुढे मी किती लहान आहे, ते मला त्या दारात कळलं. मीही खाली बसले आणि पोत्यातली भांडी एकेक करून परत फळीवर लावू लागले.