सहा आला तर परत टाका

ठमाबाई भित्री. हे तिचं तिलाही कबूल होतं. एसटीत बसली की कशेडीच्या वळणांवर डोळे मिटून घ्यायची, पाल दिसली की घर सोडून ओटीवर झोपायची. नवरा गेल्यावर तीस वर्षं डोंगरावर एकटीनं शेरडं राखली, पण तिथंसुद्धा वाऱ्यानं पान हललं तरी ही दचकणार. वाडीतली पोरं तिची नक्कल करायची आणि ती मुकाट करू द्यायची.

पण त्या पावसाळ्यात अख्खी वाडीच भित्री झाली. पोलादपूरपासून आत, घाटाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ही वाडी, नांदती घरं पाचच. बाकीची घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. आषाढात डोंगराला भेग पडली. तालुक्याहून साहेब आले, भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि सांगून गेले, की पाऊस असेपर्यंत रोज दुपारी कुणीतरी एकानं वर जाऊन दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचं. एका दिवसात चार बोटांपेक्षा जास्त वाढलं, की शिट्टी तीनदा वाजवायची आणि सगळ्यांनी खाली रस्त्यावरच्या शाळेत जायचं. मोजायला कळकाची काठी. तिच्यावर कालचं अंतर तांबड्या रंगानं आखलेलं.

सांगणं सोपं. वर जाणार कोण? जाताना पायाखालची वाट भेगेवरूनच जाते, आणि तो कडा कधी सुटेल हे काय डोंगर सांगून ठेवतो?

आधी पाळी लावली. एक घर, एक दिवस. पण पाळीचा दिवस आधी कळला, की त्या दिवशी माणूस गायब. सदूला त्याच दिवशी वीर स्टेशनावर पाहुण्याला आणायला जायचं असायचं आणि रामाच्या पोटात नेमकं त्याच सकाळी दुखायचं. राग कुणाचा करायचा? जीव सगळ्यांनाच प्यारा. शेवटी भरत म्हणाला, "पाळी नको. सदूच्या सोनालीच्या लुडोतला फासा आणा. दुपारी चारला टाकायचा. ज्याचा आकडा येईल त्यानं तिथूनच वर निघायचं. पळायला वेळच नाय."

भरत म्हणजे वाडीचा जाणता माणूस, वीस वर्षं मुंबईत गिरणगावात काढून परतलेला. घरांना आकडे दिले त्यानंच. वाडीत शिरताना पहिलं घर ठमाबाईचं, म्हणून एक. मग सदू दोन, भरत स्वतः तीन, राहीबाई चार, रामा पाच. आणि सहा आला तर? भरतनं क्षणभर विचार केला. "पाचानंतर मोजणी परत पहिल्या घरापासून. सहा म्हंजे एक." कुणाला वावगं वाटलं नाही. पाणी सोडताना, गावकीची वर्गणी घेताना अशीच तर मोजतात घरं.

ठमाबाईच्या घरातून जायचा तो तिचा पोरगा अक्षय. महाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला, तीनला सुटून मोटरसायकलवर चिखल उडवत चारच्या आत येणारा. फासा पडला की हा पाण्याची बाटली घ्यायचा, काठी उचलायचा आणि वर. मग ठमाबाईनं काय करायचं? ओटीवर बसायचं. डोंगराकडे बघवत नाही आणि न बघून राहवत नाही. तो खाली दिसेपर्यंत तिच्या घशाखाली चहाचा घोटसुद्धा उतरायचा नाही.

चिंचोके ठेवायला लागली ती कुणावर संशय म्हणून नव्हे, धीर म्हणून. अक्षय जाऊन आला की एक चिंचोका डब्यात टाकायचा, पोरगा परत आला एवढंच. मग एक दिवस वाटलं, बघू तरी बाकीचे किती जाऊन आले. चोवीस दिवसांचं तिला बिनचूक आठवत होतं. भीतीनं माणसाला विसरायला होत नाही. सदू चार, भरत तीन, राहीबाईचा विपुल चार, रामा चार. तिच्या पोराचे नऊ.

नऊ चिंचोके तिनं परत एकदा मोजले. पहिला विचार आला तो वाईटच. भरत हातचलाखी करतो. विधवेचा पोरगा, विचारणारं कोण हाय?

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळे भरतच्या ओटीवर जमले, पाऊस तर तोंडावर मारल्यासारखा, आणि जिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता ती ठमाबाई म्हणाली, "भरतभावजी, फासा दे. मला बघायचाय."

भरतला लागलं ते. "वहिनी, खोट हाय म्हणतेस काय? देवाच्या पायावर ठेवून आण फासा."

तिनं तो हातावर घेऊन उलटापालटा केला. मग बोट ठेवत बोलायला लागली, हळू, शाळेत न गेलेल्या बाईच्या हळू पद्धतीनं. "ही बाजू आली की सदू जातो. ही आली की तू. ही राहीबाईची, ही रामाची. आणि ही एक टिंबाची आली की माझा अक्षय." फासा फिरवला. "आणि ही सहा टिंबांची आली की? परत माझा अक्षय. तुमा सगळ्यांना एकेक बाजू, नि माझ्या पोराला दोन."

भरतनं फासा परत घेऊन स्वतः मोजला आणि त्याचा चेहराच पडला. लबाडी नव्हती हो त्याच्या मनात. घरं मोजायची सवय त्यानं फाशाला लावली होती, एवढंच. पण त्या सवयीपायी अक्षय दुप्पट वेळा मरणाच्या वाटेवर गेला होता. "चुकलं माझं, वहिनी," तो म्हणाला. वाडीत असं कबूल करणारी माणसं थोडी.

सदूनं तोड काढली, "सहा फिरता ठेवू. आज पयल्या घराचा, उद्या दुसऱ्या घराचा."

"मंग ज्याच्या घरावर उद्या दोन बाजू, तो उद्या वीरला जाईल," रामा म्हणाला, आणि सदूनं मान खाली घातली.

अक्षयच बोलला शेवटी. "सहा कुणालाच नको. सहा आला तर तो टाकून द्यायचा, मोजायचाच नाय. परत टाकायचा. पुन्हा आला तरी पुन्हा. उरल्या पाच बाजू, पाच घरं, एकेक."

"आणि सहाच येत राहिला तर?"

"एवढा कुठं येतो? सहा वेळांत एकदा येईल. आला तर बसू जरा."

ठरलं. आणि खोटं कशाला बोला, ठमाबाईला आनंद झाला. पोरगा मरणापासून एका बाजूनं लांब गेला होता.

फासा ग्लासात गेला, हलला, ताटात पडला. सहा.

कालपर्यंतचा नियम असता तर अक्षय उठला असता. लुडो खेळणारी सोनाली सवयीनं "सहा!" म्हणाली आणि तिच्या आईनं तिला दटावलं. भरतनं फासा उचलला, परत टाकला. पुन्हा सहा. कुणीतरी खोकलं. पावसाचा आवाज वाढला होता, की ओटीवरचा आवाज कमी झाला होता, कळेना. तिसऱ्यांदा टाकला.

एक.

ठमाबाईनं ते एकुलतं टिंब पाहिलं. भरतनं कुणाकडेही न बघता फासा चटकन मुठीत घेतला. "हा नाय धरायचा," तो म्हणाला. "चोवीस दिवसांचा हिशेब हाय तुझा आमच्यावर, वहिनी. परत टाकतो."

नको म्हणायला कुणाची जीभ रेटेना आणि हो म्हणायलाही. ठमाबाईला हो म्हणायचं होतं. सगळा जीव हो म्हणत होता. एक शब्द, आणि पोरगा घरात. पण मग कोण? तिनं सदूकडे पाहिलं. सोनाली बापाच्या पाठीला चिकटून बसली होती आणि धाकटी ऋतिका मांडीवर. सोनालीला सगळं समजत होतं, बापाचा सदरा मुठीत धरला होता तिनं.

"सहा आला तरच परत," ठमाबाई म्हणाली. "एक म्हंजे एक."

अक्षय उठला आणि काठीकडे हात नेला. त्याच्याआधी तिनं काठी धरली.

"आये, सोड."

"नंबर घराचा हाय. घरपट्टीच्या पावतीवर नाव कुणाचं? तू आताच कामावरून आलायस, पाय लटपटतायत तुझे. तीस वर्षं शेरडं राखलीत मी त्या अंगाला."

"तू पालीला भितेस गो."

"डोंगरालापण भिते," ती म्हणाली, "पण तू वर असलास की जास्त भिते." शिट्टी गळ्यात अडकवून ती निघालीसुद्धा. अक्षय अंगणापर्यंत धावला, पण भरतनं त्याचा दंड धरला. दोघांचं वजन त्या वाटेवर घालू नये, असं साहेबच सांगून गेले होते.

वाट चढताना तिला सगळ्याची भीती वाटली. घसरणाऱ्या दगडाची, धुक्याची, स्वतःच्या धापेची. करवंदीच्या जाळीपाशी ती दोनदा थांबली. तिथून मागं फिरावं आणि काहीतरी सांगून द्यावं, असंही मनात आलं. भेग आली. तिच्यात वरून पाण्याचा पाट पडत होता आणि खाली पडल्याचा आवाजच येत नव्हता. ठमाबाई चक्क रांगत पुढं गेली. काठीचं टोक वरच्या खुंटीला लावलं. तांबडी खूण कालच्या जागी खालच्या खुंटीशी जुळायला हवी. खुंटी पुढं होती. तिनं बोटं लावली. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात. खुंटी अजून पुढंच होती.

शिट्टी तोंडात धरली, पण वाजेना. ओठ कोरडे पडले होते. पावसात भिजलेली बाई आणि ओठ कोरडे. तिनं पाण्याचं बोट ओठांवर फिरवलं, फुंकलं, फुंकलं, फुंकलं. तीन.

खाली दारं उघडली. सदू पोरींना घेऊन निघाला, रामा, राहीबाई, विपुल, भरत मागून हाका मारत. रस्त्याकडे जाणारी माणसं ती मोजत होती. आणि मग तिला दिसलं, की एकजण रस्त्याकडे जात नव्हता. वर येत होता.

ती ओरडली, शिव्या दिल्या. तोंडात कधी न आलेल्या शिव्या दिल्या. अक्षय थांबला नाही. जाळीपाशी भेटला तेव्हा तिनं हातातली काठी त्याच्या पाठीत घातली, जन्मात पहिल्यांदा.

"सांगितलेलं ना सगळ्यांनी खाली जायचं? ऐकू नाय आली शिट्टी?"

"आली," तो धापा टाकत म्हणाला. "चार घरं गेली खाली. आपलं घर वर होतं, आये."

पोराचा दंड धरून ती शेरडांच्या जुन्या आडवाटेनं उतरायला लागली, डोळे उघडे ठेवून. दोघं शाळेजवळच्या रस्त्याच्या मोरीपाशी पोहोचली तेव्हा पाठीमागून कडा सुटल्याचा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं पाहिलं नाही, तिनं पोराचा दंड सोडला नाही.