एका बाईचे पाच आवाज

आमच्या कंपनीच्या कंटेंट हेडनं आयुष्यात एकही नाटक शेवटपर्यंत बघितलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो अभिमानानं सांगायचा. दीड वर्ष अमेरिकेत राहून आलेला. कुठलंही काम समोर ठेवलं की खुर्चीत मागं रेलून म्हणायचा, "त्यात काय आहे?" हडपसरच्या आयटी पार्कात तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं आणि तिथं आम्ही कारखान्यांसाठी प्रशिक्षणाच्या सीडी बनवायचो. मी मराठीत एम. ए. केलेली, सदाशिव पेठेत वाढलेली, आणि आपल्याला मराठी येतं अशी माझी पक्की समजूत होती.

एका कारखान्यानं प्रेस मशीनवरच्या सुरक्षिततेबद्दल वीस मिनिटांची श्रुतिका मागितली होती. ती कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत लावायची होती. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे तेवढा वेळ हात बाहेर राहतात. पण घाईत एक बटण लाकडाची पाचर मारून दाबून ठेवतात आणि एक हात मोकळा करतात. माझ्या गोष्टीतल्या अमरावतीकडच्या ऑपरेटरची दोन बोटं अशीच जातात. मी अकरा पात्रं लिहिली होती, आणि अपघातानंतर चौघे जण एकदम एकमेकांवर ओरडतात असा एक प्रसंग. त्या प्रसंगावर मी फार खूश होते.

रेकॉर्डिंगला पाच दिवस राहिले असताना हेड माझ्या टेबलाशी आला.

"कलाकारांच्या तारखा जुळत नाहीयेत. एकच बाई मिळतीये. सगळं तीच करेल."

"अकरा जण?"

"त्यात काय आहे? आवाज सॉफ्टवेअरमध्ये वरखाली करू. तू फक्त व्हॉइस शीट कर. नाही, थांब, मीच करतो."

शीट म्हणजे कलाकारासाठी केलेला तक्ता: पात्र कोण, वय काय, आवाज कसा, बोलण्याचा वेग कसा. त्यानं तो दहा मिनिटांत केला. ऑपरेटर: रूरल, इनोसंट. सुपरवायझर: डायनॅमिक. बायको: इमोशनल. डॉक्टर: प्रोफेशनल. कंत्राटदार: निगेटिव्ह. खाली त्याची सही आणि तारीख.

मी संहिता हातात घेतली आणि अकराची पाच पात्रं केली: बायको, ऑपरेटर, सुपरवायझर, कंत्राटदार, डॉक्टर. प्रत्येक वाक्याआधी "सुपरवायझर म्हणाला" असं घातलं, म्हणजे ऐकणाऱ्याला आवाज येण्याआधीच माणूस कळावा. ओरडण्याचा प्रसंग मात्र तसाच ठेवला. एका तोंडानं चौघं एकदम कसे ओरडतील, हा विचार मी सोयीस्करपणे त्या बाईंवर सोडला. हेडच्या तक्त्याच्या जागी माझा तक्ता जोडला आणि त्याचा तक्ताही गंमत म्हणून मागं लावला. बाई हसतील, आणि मग माझं कौतुक करतील, असा माझा हिशेब होता.

पाठवलेली संहिता वाचून, रेकॉर्डिंगआधी बोलायला बाई विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आल्या. साठीच्या आसपासच्या, रेडिओवर वर्षानुवर्षं निवेदन केलेल्या, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत चार रंगांच्या पेन्सिली. छोट्या मीटिंग रूममध्ये बसून त्यांनी आधी मागचाच तक्ता काढला.

हेड म्हणाला, "तो माझा. काही शंका असेल तर विचारा."

"एकच," बाई म्हणाल्या. "डायनॅमिक हा आवाज घशातून काढायचा की नाकातून?"

हेड हसला. त्याला तो विनोद वाटला. फोन आल्याचं निमित्त करून तो बाहेर गेला, आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी माझा तक्ता पुढं ओढला.

"सुपरवायझर जाड, घोगरा. कंत्राटदार जाड, खरखरीत. आणि पान सातवर हे दोघं समोरासमोर तीन मिनिटं भांडतात. ऐकणाऱ्याला कोण कोण आहे कळणार?"

"मी आधी नाव घातलंय ना."

"प्रत्येक वाक्याला? अहो, मग ते भांडण राहत नाही, हजेरी होते." त्यांनी पान उलटलं. "आणि तीन मिनिटं घोगरं बोलले तर चौथ्या मिनिटाला माझा घसा बसेल. मग डॉक्टर कोण करणार? आपण?"

त्यांनी ऑपरेटरच्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हा ऑपरेटर कुठला म्हणालात?"

"अमरावतीकडचा."

"मग ह्याला 'हाय' आणि 'न्हाय' कुणी दिलं? हडपसरच्या रिक्षावाल्यांचं ऐकलंत ना?"

ते खरंच होतं. मी तिथूनच उचललं होतं.

"माझं माहेर अचलपूर," बाई म्हणाल्या. "आमच्याकडचा माणूस 'मले' म्हणतो, 'करून राह्यलो' म्हणतो. तुम्हाला सगळे खेडवळ एकाच गावचे वाटतात, नाही का? त्या साहेबांनी निदान 'रूरल' असं एका शब्दात लिहिलंय. तुम्ही तेच वीस मिनिटं लिहिलंत."

त्यांचा आवाज चढला नव्हता. हेडबद्दल मला जी तुच्छता वाटायची, तीच अगदी मोजून त्यांनी माझ्यापुढं ठेवली होती. त्यांनी पिशवी उचलली आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "तक्त्यात आवाज जाड की बारीक ते लिहू नका. ते माझं मी बघेन. हा माणूस कुणाशी बोलताना खालच्या पट्टीत येतो, ते लिहा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेटवर गेले. तिथला वॉचमन यवतमाळकडचा, म्हणजे त्याच वऱ्हाडातला होता. दोन वर्षं रोज त्याच्यासमोर वहीत सही करत होते आणि 'नमस्कार'पलीकडं त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी स्टुलावर बसले तेव्हा तो उभाच राहिला. बऱ्याच वेळानं टेकला आणि बोलायला लागला. आधीच्या नोकरीत त्याचा अधिकारी त्याला कसा झापायचा ते सांगताना त्यानं आवाज मुळीच बदलला नाही. फक्त हनुवटी जरा वर केली आणि शब्द सावकाश, एकेक टाकले. "तुला... सांगितलं... होतं." तेवढ्यानंच तो अधिकारी डोळ्यांसमोर उभा राहिला. मग स्वतःचं उत्तर सांगताना तो भरभर बोलला आणि वाक्याचा शेवट गिळला.

तिथं बसल्याबसल्या मला संहितेची चूक कळली. मी अकरा नट डोक्यात ठेवून लिहिलं होतं आणि नंतर दहा नट कापले होते. एकच माणूस बोलणार असेल तर त्याला बोलायला कारण हवं. गोष्ट ऑपरेटरच्या बायकोनंच सांगायला हवी. बाकीचे सगळे तिच्या तोंडून येतील, तिला जसे दिसले तसे.

मग ओरडण्याचा प्रसंगही सुटला. बायको कारखान्यात नव्हतीच, ती दवाखान्याच्या बाकावर बसली आहे. आधी कंत्राटदार येऊन सांगतो, मग सुपरवायझर, मग डॉक्टर, आणि शेवटी शुद्धीवर आलेला नवरा. एकच अपघात चौघं वेगवेगळा सांगतात, एकामागून एक. कुणी कुणाच्या अंगावर ओरडत नाही. "तो म्हणाला" फक्त माणूस पहिल्यांदा येतो तिथं ठेवलं, पुढचं वाक्य त्याच्या बोलण्यावरून कळेल असं लिहिलं. भांडणाची तीन मिनिटं बायकोनं चार वाक्यांत सांगितली.

तक्ता नवा केला. सुपरवायझर: सावकाश, शब्द सुटे सुटे, साहेबाचं नाव निघालं की वेग वाढतो. कंत्राटदार: हसत बोलतो, वाक्य पुरं करत नाही. डॉक्टर: सपाट, मध्ये श्वास न घेता. ऑपरेटर: बायकोशी पूर्ण वाक्य, सुपरवायझरपुढं अर्धं. प्रत्येकापुढं तो पहिल्यांदा कुठल्या पानावर येतो ते आणि नमुन्याचं एक वाक्य. ऑपरेटरची वाक्यं मी वॉचमनला वाचून दाखवली. त्यानं तीन ठिकाणी मान हलवली आणि दुरुस्त करून दिली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बाईंनी संहिता वाचली, प्रत्येक पात्राला पेन्सिलीचा एक रंग दिला आणि एवढंच म्हणाल्या, "आता वाचता येईल." आधी पाचही नमुन्याची वाक्यं वेगळी रेकॉर्ड केली. मध्येच एखादं पात्र खूप वेळानं परत आलं की रेकॉर्डिस्ट ते वाक्य त्यांच्या हेडफोनमध्ये ऐकवायचा, म्हणजे आवाज घसरायचा नाही.

तेवढ्यात हेड आला. सुपरवायझर पुरेसा पुरुषी नाही म्हणाला. रेकॉर्डिस्टनं निमूटपणे पट्टी खाली ओढून ऐकवलं. सुपरवायझर विहिरीत पडलेल्या म्हशीसारखा बोलायला लागला. हेड म्हणाला, "ठीक आहे, पर्याय म्हणून असू द्या."

त्याच दुपारी ऐकायला कारखान्याचे पर्सोनेल अधिकारी आले. हाताची घडी घालून त्यांनी सगळं ऐकलं आणि घसा खाकरला. "छान आहे. फक्त सुपरवायझर जरा उर्मट वाटतो. आमचे तसे नाहीत. थोडा प्रेमळ करा."

"नक्की सर," हेड लगेच म्हणाला.

रेकॉर्डिंगच्या खोलीतून, काचेपलीकडून बाईंनी विचारलं, "शब्द तेच ठेवायचे ना?"

"शब्द तेच," अधिकारी म्हणाले.

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी तोच संवाद म्हटला. आई लेकराला भरवताना बोलते तितक्या मायेनं. "पाचर मार आणि चालू दे. संध्याकाळपर्यंत माल निघाला पाहिजे. तुझ्यासारखे गेटवर पन्नास उभे आहेत."

अधिकाऱ्यांची नजर टेबलावर होती. हेड फोन चाळायला लागला. शेवटी अधिकारी म्हणाले, "आधीचंच राहू द्या."

मी बाईंना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. माझं चुकलं असं काहीतरी मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "चुकणारच. पण तुम्ही जाऊन ऐकलंत. ते साहेब कधी जाणार नाहीत." मग त्यांनी रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांगितलं आणि निघून गेल्या. परत आमची भेट झाली नाही.

श्रुतिका कँटीनमध्ये लागली तेव्हा मी गेले होते. सुपरवायझरचं पहिलं वाक्य आलं आणि मागच्या टेबलावर हशा पिकला, कारण सगळ्यांना तो कोण ते कळलं होतं. दवाखान्याच्या भागात काहींचे घास हातातच राहिले, काही जण आपले जेवतच राहिले.

दोन महिन्यांनी हेडनं एका मोठ्या हॉटेलात भाषण दिलं. विषय होता, एका कलाकारात बहुपात्री निर्मिती. पडद्यावर माझा तक्ता होता, खाली त्याचं नाव. 'कुणाशी बोलताना' हा रकाना पानात मावत नाही म्हणून काढला होता, आणि आवाजाच्या रकान्यात पुन्हा 'डायनॅमिक' आलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून दोन वाक्यं बोलता आली असती. पण त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा कागद त्याच्या टेबलावर होता, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.