एक घोट, मग थांबा

पदनाम: दृक्‌श्राव्य सहाय्यक. कार्यस्थळ: मध्यवर्ती रुग्णालय, सभागृहाच्या मागची काचेची खोली. वर्ण: सावळा. उंची: खुर्चीवर बसल्यास पुरेशी. ओळखीची खूण: उजव्या हाताची तर्जनी सतत अर्धवट उचललेली, जणू पुढचं बटण दाबायला हुकूम मिळायचाच बाकी आहे. विशेष प्रावीण्य: अक्षरांस गती देणे. सेवाकाळात शिस्तभंगाची कारवाई: नाही. प्रशंसापत्र: तेही नाही. घरात राहणाऱ्या व्यक्ती: एक.

रुग्णालयात या गृहस्थांना कोणी पदनामाने हाक मारत नसे. सगळे त्यांना भिंगरीकाका म्हणत आणि ते कमावलेलं नाव होतं. डॉक्टर मंडळी आपापल्या व्याख्यानाच्या स्लाइड त्यांच्याकडे देत आणि परत घेताना ओळखत नसत. शीर्षक डावीकडून गिरक्या घेत यायचं. पहिला मुद्दा वरून चेंडूसारखा आपटायचा. दुसरा धुरातून उगवायचा. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पान कधी दारासारखं उघडे, कधी कागदाच्या विमानासारखं घडी पडून उडून जाई. मूत्रपिंडाच्या एका व्याख्यानात मूत्रपिंड स्वतः टुणटुणत आलं होतं. त्यावर वॉर्डातली मोठी सिस्टर म्हणाली होती, "काका, पेशंटचं इतकं जोरात चालत असतं तर इथे आला असता का?"

काका हसले होते. चूक दाखवली तर ते नेहमी हसत, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करत.

त्यामागे एक कारण होतं आणि ते कारण एके काळी जेमतेम टेबलाएवढं उंच होतं. मुलगी लहान असताना शाळा सुटली की थेट काचेच्या खोलीत येऊन बसे. घरी कोणी नसायचं. तिची आई ती रांगत असतानाच गेलेली. काकांनी एकदा गंमत म्हणून तिचं नाव पडद्यावर उड्या मारत आणलं. ती अशी हसली की पुढे बसलेले रक्तपेढीचे लोक वळून पाहू लागले. तेव्हापासून काकांनी एकही अक्षर सरळ येऊ दिलं नाही. मुलगी मोठी झाली, शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली. फोन रविवारी येई, तोही ती कपडे वाळत घालता घालता करी. अक्षरं मात्र इकडे उड्या मारतच राहिली, कोणी हसायला असो वा नसो.

मुलगी वाणी आणि गिळणं सुधारणारी तज्ज्ञ झाली होती. मेंदूला झटका आलेल्या माणसांना पुन्हा गिळायला शिकवायचं, हे तिचं काम. एका रविवारी तिने फोनवर सांगितलं, "बाबा, तुमच्या रुग्णालयात माझ्या विषयाची जागा निघाली आहे. अर्ज केला. निवडीसाठी तुमच्याच सभागृहात व्याख्यान द्यायचंय."

काकांच्या हातातला चहाचा कप बशीत न ठेवता नुसताच हवेत राहिला. जागा इथली. म्हणजे घरातली खोली. म्हणजे रविवारच्या फोनची गरज नाही. ते एवढंच म्हणाले, "स्लाइड पाठव. बघतो."

"फक्त अक्षरं मोठी आहेत ना ते बघा. बाकी काही करू नका."

तेवढं सोडून काकांनी सगळं केलं.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी ती आली. हातपाय धुऊन तिने आधी लॅपटॉप उघडला. पहिल्या पानावर गिळणाऱ्या घशाचं चित्र हेलकावे घेत आलं, आणि त्यामागून तिचं नाव उड्या मारत.

काका तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हसू फुटायच्या जागेकडे.

"बाबा," ती म्हणाली, "मी आता सात वर्षांची नाहीये हो."

"तसं नाही गं. लोकांना झोप लागते. थोडं हलतं ठेवलं की जागे राहतात."

"जागे राहतात, पण अक्षरांकडे बघत. हलणाऱ्या गोष्टीमागे डोळे जातात आणि डोळ्यांमागे कान. मी काय बोलले ते कोणालाच आठवणार नाही. उड्या आठवतील."

मग तिने त्यांच्या शेजारी बसून एकेक सोंग उतरवलं. गिरक्या गेल्या, धूर गेला, कागदाचं विमान गेलं. काकांना वाटलं, घरातलं सामान कोणी बाहेर काढून ठेवतंय. शेवटी पानावर तिचे चार मुद्दे उरले: सरळ बसवा. एक छोटा घोट. थांबा, तोंड रिकामं झालंय का पाहा. आवाज ऐका.

"आता हे चारही एकदम दिसू नयेत," ती म्हणाली. "दिसले की लोक खालपर्यंत वाचून मोकळे होतात आणि मी पहिल्यावरच अडकलेली असते. एक क्लिक, एक मुद्दा. नुसता उमटायचा, आवाज नाही, उडी नाही. पुढचा आला की आधीचा फिका करायचा, पुसायचा नाही. म्हणजे कुठून आलो ते दिसतं आणि नजर नव्यावर राहते."

"आणि पानं?"

"पानं साधी बदलायची. एकच सोडून. हा पेशंट आला तेव्हाचा फोटो आणि तीन महिन्यांनंतरचा. तिथे हळूच एकातून दुसरं उमलू दे. तिथे त्याला अर्थ आहे. माणूस खरंच बदललाय."

काकांनी मान डोलावली. बोट मात्र अर्धवट उचललेलंच होतं. "एखादं तरी हलवू दे की," ते म्हणाले. "शेवटचं. धन्यवादवालं."

"बाबा, पेशंटच्या घरचे हेच करतात. प्रेमापोटी भराभर भरवतात. एक घोट उतरला नाही तोवर दुसरा. आणि ठसका लागला की म्हणतात, आम्ही तर चांगलंच करत होतो."

काकांनी धन्यवादही स्थिर केलं.

सकाळी ते मुलीच्या आधी सभागृहात पोचले. खुर्च्या रिकाम्या, पडदा पांढरा. रंगीत तालीम म्हणून त्यांनी स्वतःच तिची स्लाइड चालवली आणि तिचे शब्द म्हणून पाहिले. सरळ बसवा. क्लिक. एक छोटा घोट. क्लिक. नुसती उमटणारी अक्षरं चांगली दिसत होती, हे त्यांना मनातल्या मनातही कबूल करवेना. ही मुलगी रोज याच सभागृहात शिकवेल, दुपारी डबा घेऊन काचेच्या खोलीत येईल, या विचाराने त्यांचं वाचन भरधाव सुटलं. तालीम संपली तेव्हा पडद्यावर चौकट आली: प्रत्येक मुद्द्याला लागलेली वेळ जपून ठेवायची का? काकांनी आयुष्यात कुठल्याच चौकटीला नाही म्हटलं नव्हतं. 'हो' दाबलं.

निवड समिती पुढच्या रांगेत बसली. मागे वॉर्डातली मंडळी, त्यांत मोठी सिस्टर. मुलगी बोलायला लागली आणि काका काचेआडून तिच्याकडे बघत राहिले. तिचा आवाज तिच्या आईसारखा झाला होता. हे फोनवर कधी कळलं नव्हतं.

"सरळ बसवलं," ती म्हणाली. "एक घोट दिला. थांबलो. तोंड रिकामं आहे. पेशंट खोकत नाहीये, सगळं ठीक वाटतंय. तरीही एक धोक्याची खूण आहे. कोणती? जरा विचार करा."

ती थांबली. समितीतले वयस्कर डॉक्टर खरोखरच विचार करू लागले, एकाने चष्मा काढला. तेवढ्यात, कोणी क्लिक केलेलं नसताना, पडद्यावर चौथा मुद्दा उमटला: आवाज ऐका. घोटानंतर आवाज ओला, गुरगुरता येतोय का?

चष्मा परत डोळ्यांवर गेला. मागून कोणीतरी उत्तर मोठ्याने वाचून टाकलं. मुलीने हातातल्या क्लिकरकडे पाहिलं, मग वर काचेकडे. ती पुढे बोलू लागली तोवर पान आपोआप बदललं. पेशंटचा फोटो आला, आणि तो कोण हे तिने सांगायच्या आत उमलून बराही झाला.

काकांना उमजलं. पडद्यावर त्यांची सकाळ चालली होती. तेच टप्पे, संगणकाने जपलेल्या त्याच वेळा, सुखाच्या भरात धावलेलं त्यांचं वाचन. मुलगी मागे राहिली होती आणि तिचे मुद्दे बापाच्या घाईने पुढे पळत होते.

त्यांनी प्रोजेक्टरचा रिमोट उचलला आणि चित्र बंद केलं. पडदा काळा झाला.

सभागृहात खुर्च्या करकरल्या. मुलगी क्षणभर तशीच उभी राहिली. मग बाजूच्या टेबलावरून तिने पाण्याचा पेला उचलला. "असू दे," ती म्हणाली. "हेच करून दाखवते." ती खुर्चीत सरळ बसली. एक घोट घेतला. थांबली. सगळं सभागृह तिच्या घशाकडे बघत थांबलं. मग तिने लांब 'आ' काढला, स्वच्छ. "हा कोरडा आवाज. आता ओला ऐका." आणि पाणी घशाशी अडकवून तिने असा गुरगुरता सूर काढला, की मोठ्या सिस्टरने नकळत रुमाल पुढे केला.

इकडे काकांनी सादरीकरण बंद केलं, जपलेल्या वेळा वापरायची खूण काढली, आणि त्याच पानापासून पुन्हा सुरू केलं. या वेळी सावकाश. पेशंटचा पहिला फोटो लागला आहे आणि काही केल्या आपोआप हलत नाही, याची लॅपटॉपवर खात्री केली, मगच चित्र उघडलं. मुलीने तो माणूस कोण, काय खायला आसुसला होता, ते सांगितलं. मग स्वतः क्लिक केलं. चेहरा हळूच उमलला.

व्याख्यान संपल्यावर काका काचेच्या खोलीतून बाहेर आले. "माझ्याने झालं," ते म्हणाले. "सकाळी म्हणून बघत होतो. वेळ जपली गेली."

"कळलं मला," मुलगी म्हणाली. "इतक्या भराभर फक्त तुम्हीच वाचता. लहानपणी गोष्टसुद्धा अशीच वाचायचात." तिने त्यांचं अर्धवट उचललेलं बोट धरून खाली केलं, जसं कोणी दिव्याचं बटण बंद करावं. "पडदा वेळेवर काळा केलात. नाहीतर पाणी प्यायचं सुचलं नसतं मला."

मोठी सिस्टर जाता जाता म्हणाली, "काका, आज काहीच उडालं नाही. तब्येत बरी आहे ना?"

निकाल आठवड्याने लागला. समितीने व्याख्यानाची स्तुती केली आणि जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली. त्याचा अनुभव जास्त होता. त्याच्या स्लाइडवर सगळे मुद्दे पहिल्यापासूनच दिसत होते, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "स्लाइडमुळे नाही बाबा, खरंच नाही." ते खरं होतं. त्यामुळे समजूत घालायलाही काही उरलं नाही.

काकांनी त्यानंतर अक्षरांस गती देणे सोडलं. डॉक्टर आता स्लाइड परत घेतात तेव्हा ओळखतात, आणि काही जण थोडे हिरमुसतात. कधी सभागृह रिकामं असलं की काका तिची फाइल लावतात. सरळ बसवा. क्लिक. एक छोटा घोट. मग ते थांबतात, तिने बोलायला जेवढा वेळ घेतला असता तेवढा, आणि मगच पुढचं बटण दाबतात. त्यांनी या वेळा जपून ठेवलेल्या नाहीत. चौकट आली की ते आता 'नाही' म्हणतात.

सेवापुस्तकात यंदा माहिती अद्ययावत करायची होती. विशेष प्रावीण्य या रकान्यात काही सुचेना, म्हणून तो कोरा ठेवला. घरात राहणाऱ्या व्यक्ती: एक.