एलएमचा डावा बाण

परीक्षेचे पेपर तपासायला जळगावच्या मूल्यांकन केंद्रावर मी धुळ्याहून रोज एसटीने जायचे. मी तासिका तत्त्वावरची शिक्षिका. दर जूनला नेमणूक नव्याने, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर न येण्याची सवयच लागलेली. त्या वर्षी एम.ए. अर्थशास्त्राच्या एका पेपरची नमुना उत्तरं मला लिहायला सांगितली. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे. मी हौसेने लिहिली.

त्यात दहा गुणांचा एक प्रश्न होता. सरकारने खर्चासाठी कर्ज वाढवलं, तर आयएस-एलएम आकृतीत खासगी गुंतवणूक बाहेर कशी ढकलली जाते? आणि रिझर्व्ह बँकेने हात सैल सोडला, तर ते टाळता येतं का? माझं उत्तर वर्गात वर्षानुवर्षं घोटलेलं होतं. सरकारी खर्चाने मागणीची रेषा, आयएस, उजवीकडे सरकते. कर्ज उचलताना सरकार बाजारातला पैसा उपसतं, म्हणून पैशाची रेषा, एलएम, डावीकडे जाते. व्याजदर दोन्हीकडून चढतो आणि गुंतवणूक घटते. रिझर्व्ह बँक फार तर तो उपसा भरून काढील. पूर्ण भरपाई अशक्य.

दुसऱ्या दिवशी एका गठ्ठ्यात माझाच दृष्टांत भेटला: 'विहिरीतून पाणी उपसावे तसा सरकार बाजारातला पैसा उपसते.' नावं झाकलेली असतात, पण ही विहीर माझ्या माहेरची. माझ्या वर्गातलीच पोरं. मला गुदगुल्या झाल्या आणि मी नऊ-नऊ गुण दिले.

तिसऱ्या दिवशी सहा उत्तरपत्रिका अशा आल्या की सगळ्यांत एलएम जागच्या जागी. वाक्यही एकच: 'सरकार कर्जाने घेतलेला पैसा खर्चातून परत सोडते, म्हणून पैशाचा साठा तेवढाच राहतो.' सहाही जणांची चूक एकच, मग ही कॉपीच. मी दोन-दोन गुण टाकले आणि सामूहिक कॉपीच्या अहवालाचा फॉर्म मागवला. तो वर गेला की चौकशी लागते, निकाल अडतो आणि पोरांचं वर्ष जातं. चूक नेमकी काय, असा त्यात एक रकाना होता. तो भरण्यासाठी मी कोऱ्या कागदावर आकृती काढायला घेतली.

लोकांनी रोखे घेतले, त्यांच्या खात्यातला पैसा सरकारकडे गेला. सरकारने तो रस्त्याच्या ठेकेदाराला दिला. ठेकेदाराने तो बँकेत भरला. मग कमी कुठे झाला? कुठेच नाही. तरी व्याजदर चढतो, कारण उत्पन्न वाढलं की व्यवहारांसाठी लोकांना जास्त पैसा हवा असतो आणि साठा तेवढाच असतो. रिझर्व्ह बँकेने नवा पैसा पुरेसा सोडला तर एलएम उजवीकडे येते, दर जुन्या जागी बसतो आणि गुंतवणूक बाहेर पडतच नाही. मात्र कारखाने आणि माणसं रिकामी असतील तोवरच. नाहीतर भाव चढतात. हे सगळं त्या सहा जणांनी लिहिलं होतं. त्यांना कुणीतरी नीट शिकवलं होतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

फॉर्म फाडावा, सहा जणांना गुपचूप आठ-आठ द्यावेत आणि गप्प बसावं, असं मनात आलं. पण माझंच उत्तर समोर ठेवून आणखी आठ टेबलं पेपर तपासत होती. खरं सांगते, तेव्हा मला पोरं आठवली नाहीत, जून आठवला. शेवटी दोन्ही कागद उचलून मी उठले.

मुख्य नियामक सोनगीरचे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. त्यांच्यासमोर मी अर्धवट भरलेला फॉर्म आणि आकृती ठेवली. त्यांनी फॉर्म वाचला आणि हळूच विचारलं,

"पोरेस्नं काय चुकनं?"

"काहीच नाही, नाना. माझं चुकलंय."

त्यांनी पेन्सिलने एकेक बाण पुन्हा काढून पाहिला. मग सगळ्यांना गठ्ठे परत उघडायला सांगितलं. आयएस आणि गुंतवणुकीच्या पायऱ्यांचे गुण राहतील, डाव्या एलएमचे आणि त्यावरच्या निष्कर्षाचे जातील.

सहा जणांचे गुण मी वाढवले. मग दुसऱ्या दिवसाचा गठ्ठा ओढला. अकरा पेपरांत विहीर होती. अकरा ठिकाणी नऊ खोडून मी चार लिहिले, शेजारी सही केली. एकाने एलएमच्या डाव्या बाणाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. हे महत्त्वाचं आहे, रेघा ओढा, असं वर्गात मीच सांगितलं होतं.